ग्रेव्हीवर तवंग नव्हता, तेल होतं: एका डब्याचा पूर्ण हिशोब

हे प्रकरण माझ्याकडे डाएटसाठी येणाऱ्या एका ताईंचं आहे, त्यांना विचारूनच लिहितेय, नाव अर्थातच देत नाही. बैठं काम, खाणं सगळं ॲपमध्ये टाकायची शिस्त, आणि तक्रार अशी की वजन उतरतंय पण हिशोबाने जेवढं उतरायला हवं त्याच्या अर्ध्यानेच उतरतंय. रोज साधारण 300 कॅलरींचा डेफिसिट धरला होता, म्हणजे आठवड्याला 2100. त्यांची नोंदवही बघितली तर खोट काढायला जागाच नव्हती, पोळ्या मोजून, भात वजन करून, चहातली साखरसुद्धा टाकलेली. अशी नोंद असली की मला उलट जास्त संशय येतो, खोटेपणाचा नाही, एखादी गोष्ट रेसिपीतच लपलेली असण्याचा.

रविवारी त्या एकदाच हॉटेलसारखी पनीर ग्रेव्ही करून चार डबे भरून ठेवायच्या आणि सोमवार ते गुरुवार दुपारी एकेक डबा खायच्या. ॲपमध्ये त्या डब्याच्या नावापुढे 298 कॅलरी लिहिलेल्या. मी रेसिपी विचारली, त्यांनी सांगितली ती अशी: पनीर 200 ग्रॅम, कांदा सोललेला अर्धा किलो, टोमॅटो 400 ग्रॅम, दही 100 ग्रॅम, फोडणीला दोन टेबलस्पून तेल. याची बेरीज बरोबर येते. पनीरचे 600 धरा, कांद्याचे 200, टोमॅटोचे 80, दह्याचे 60, तेलाचे 250, झाले 1190, भागिले चार. गणितात काहीच चूक नाही.

मग मी विचारलं की कांदा नुसता परतता का. तर म्हणाल्या, "नाही मॅडम, कांदा आधी तळून घेते आणि मग वाटते, त्याशिवाय तो हॉटेलचा रंग येत नाही. आणि थोडं बेसन लावते, शेवटी चमचाभर कॉर्नफ्लॉवर पाण्यात कालवून. पण ते काय, चिमूटभरच की. आणि तेल तर वर दिसतच नाही, उलट आमच्या आधीच्या रश्श्यावर केवढा तवंग असायचा!"

सगळं प्रकरण या वाक्यातच आहे. तळलेल्या कांद्याचं वाटण, बेसन आणि कॉर्नफ्लॉवर या तिन्ही गोष्टी त्यांच्या नोंदीत नव्हत्या, किंवा कांदा होता पण कच्चा म्हणून होता. आणि वर तेल दिसत नाही हा त्यांना पुरावा वाटत होता की ग्रेव्ही हलकी झाली.

अंदाज सांगून उपयोग नसतो, लोकांना पटत नाही आणि मलाही तो नीट सांगता येत नाही, म्हणून पुढच्या रविवारी त्यांना नेहमीसारखीच ग्रेव्ही करायला सांगितली, फक्त किचनचा वजनकाटा शेजारी ठेवून. काहीही कमी करायचं नाही, चांगलं वागून दाखवायचं नाही, जसं करता तसंच करा.

तळणीचं तेल कसं मोजायचं हे महत्त्वाचं आहे कारण इथे लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. एक तर तळणीचं तेल धरतच नाहीत, किंवा कढईत ओतलेलं सगळं धरतात आणि मग आकडा बघून घाबरतात. खाण्यात जातो तो फरक. कढईत तेल ओतून कढईसकट वजन करायचं, कांदा तळून काढायचा, कढई पूर्ण गार होऊ द्यायची आणि परत वजन करायचं. झाऱ्याला चिकटलेलं तेल कढईतच निथळू द्यायचं. ज्या कागदावर कांदा काढता त्याचं आधी आणि नंतर वजन करायचं, कारण कागदाने प्यायलेलं तेल तुम्ही खात नाही. आणि याच कढईतलं उरलेलं तेल फोडणीला घेणार असाल तर वजन त्याच्या आधी करून ठेवा, नाहीतर तेच तेल दोनदा मोजलं जातं. कांद्यातलं पाणी तळताना वाफ होऊन जातं, ते कढईत राहत नाही, त्यामुळे वजन जेवढं कमी झालं तेवढं तेलच गेलं असं धरायला हरकत नाही.

ताईंच्या कढईतून 71 ग्रॅम तेल कमी झालं. कागदावर 6 ग्रॅम गेलं. राहिलं 65 ग्रॅम, ते कांद्यात. म्हणजे 585 कॅलरी, नुसत्या तळण्याच्या.

तळलेल्या कांद्याचं वजन भरलं 140 ग्रॅम. अर्धा किलो कांदा आणि त्याचे झाले 140 ग्रॅम, बघणाऱ्याला वाटतं की अरे वा, एवढासाच तर उरला. पण कांद्यात जवळपास 89 टक्के पाणी असतं, अर्ध्या किलोत सुका भाग जेमतेम 55 ग्रॅम. म्हणजे त्या 140 ग्रॅमच्या ढिगात जवळजवळ निम्मं तेल आहे. कच्च्या कांद्याच्या 100 ग्रॅमला 40 कॅलरी, या तळलेल्याच्या 100 ग्रॅमला 560. नाव तेच, आणि ॲपमध्ये "कांदा" टाईप केलं की पहिला येतो तो कच्चा.

कांदा एवढं तेल का पितो याचं कारण कळलं तर पुढे काय बदलायचं तेही कळतं. चिरलेला कांदा गरम तेलात टाकला की आतलं पाणी वाफ होऊन जोरात बाहेर येतं, तो सगळा बुडबुड्यांचा गोंधळ म्हणजे तीच वाफ. वाफ बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाट मिळत नाही. पण पाणी गेलेल्या जागी बारीक पोकळ्या होतात, आणि कांदा तेलातून बाहेर काढून गार व्हायला लागला की आतली वाफ आकसते आणि बाहेर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणजे बरंचसं तेल तळताना नाही तर काढल्यानंतर आत जातं. म्हणून गरम असतानाच चाळणीत काढून नीट झटकून निथळला तर थोडा फरक पडतो, आणि कढईच्या कडेला ढीग लावून ठेवला तर तो बसल्याजागी पीत राहतो. चिरणं जितकं पातळ तितका पृष्ठभाग जास्त आणि तेल जास्त, आणि हॉटेलच्या कांद्याला तर कागदासारखंच पातळ चिरायचं असतं.

वाटण झाल्यावर आणखी एक भानगड होते. ताईंनी 140 ग्रॅम कांद्यात 100 मिली पाणी घालून मिक्सरला फिरवलं, सुंदर तपकिरी पेस्ट झाली, 240 ग्रॅम. आता हे बघून कोण म्हणेल की यात तेल आहे? एक सपाट टेबलस्पून पेस्ट म्हणजे साधारण 17 ग्रॅम, त्यात 55 कॅलरी. तेवढ्याच उकडलेल्या कांद्याच्या पेस्टमध्ये 7 च्या आसपास. दोन्ही वाट्या शेजारी ठेवल्या तर फरक फक्त रंगाचा दिसतो.

आता बेसन. ताईंच्या बोलण्यातलं "थोडं बेसन" काट्यावर 30 ग्रॅम भरलं, तीन शिगोशीग चमचे. बेसनाच्या 100 ग्रॅमला 380 च्या आसपास कॅलरी असतात म्हणजे हे झाले 114. पण बेसन कच्चं घातलं तर ग्रेव्हीला पिठाचा उग्र वास राहतो, म्हणून त्या ते एक टेबलस्पून तेलात खमंग भाजून घेत होत्या, आणि हे तेल फोडणीच्या दोन चमच्यांत नव्हतं, वेगळं होतं, नोंदीतही नव्हतं. 14 ग्रॅम तेल, 126 कॅलरी. म्हणजे बेसनापेक्षा ते भाजायच्या तेलाचाच आकडा मोठा. इथे चमच्याबद्दलही बोलायला पाहिजे, सपाट टेबलस्पून बेसन 6 ते 8 ग्रॅम असतं आणि डब्यातून उपसून काढलेला चमचा सहज 10 ग्रॅम किंवा जास्त. पिठं चमच्याने मोजूच नयेत असं माझं मत आहे, निदान एकदा तरी आपल्या चमच्याचं वजन बघून ठेवावं.

कॉर्नफ्लॉवरबद्दल मात्र लोकांची सगळ्यात जास्त ओरड असते आणि या प्रकरणात तो सगळ्यात कमी दोषी निघाला. 10 ग्रॅम घातलं होतं, 38 कॅलरी, अख्ख्या बॅचमध्ये. चार डब्यांत वाटलं तर डब्याला दहाही नाही. ते जवळजवळ शुद्ध स्टार्च आहे हे खरं, प्रोटीन नाही फायबर नाही, पण ते थोडंसंच लागतं. गार पाण्यात कालवून उकळत्या ग्रेव्हीत सोडलं की त्याचे कण पाणी पिऊन फुगतात आणि रस्सा घट्ट होतो, चमकतो. तेवढाच घट्टपणा काजूने आणायचा तर 40 ग्रॅम तरी काजू लागतील, म्हणजे 220 कॅलरी. काजू वाईट आहेत असं नाही, पण "कॉर्नफ्लॉवर काढा आणि काजू घाला, हेल्दी होईल" हा सल्ला वजन कमी करणाऱ्याला देताना हा आकडा कुणी सांगत नाही.

एकूण बेरीज करा: कांद्यात गेलेलं तेल 585, बेसन 114, बेसनाचं तेल 126, कॉर्नफ्लॉवर 38. झाले 863, जे नोंदीत कुठेच नव्हते. मूळ 1190 मध्ये मिळवले की 2053, आणि डब्याला 513. वहीत लिहिलेले 298. एका डब्यामागे 215 चा फरक आणि त्यातलं बहुतेक सगळं, 863 पैकी 711, तेलच. पीठ हे नावापुरतं, तेल खरं.

तरी वर तवंग का नव्हता? ताईंना हे सगळ्यात जास्त खटकत होतं, आणि बरोबर आहे, एका बॅचमध्ये 107 ग्रॅम तेल होतं आणि वर एक थेंब तरंगत नव्हता. मी विचारलं की मसाला परतताना तेल सुटतं का, तर म्हणाल्या हो, कडेने चांगलं सुटतं. मग पाणी आणि कॉर्नफ्लॉवर घातल्यावर? मग सगळं एकजीव होतं. तर तेच. पातळ रश्श्यात तेलाचे थेंब मोकळे असतात, हलके म्हणून वर येतात, एकत्र होतात आणि तर्री दिसते. कॉर्नफ्लॉवरने रस्सा घट्ट झाला की थेंबांना वर यायलाच जमत नाही. बेसनातलं प्रोटीन आणि कांद्याचे बारीक कण थेंबांभोवती बसतात, त्यांना एकमेकांत मिसळू देत नाहीत. शिवाय तळलेल्या कांद्यातलं तेल मुळात कणांच्या आतच आहे. मिक्सरने तर सगळं बारीक करून टाकलेलं असतं. तेल कुठे गेलेलं नाही, फक्त पसरलंय.

याचा दुसरा परिणाम मला कॅलरीच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. तर्री वर दिसते तेव्हा माणूस ती डावाने बाजूला करू शकतो, किंवा रस्सा ताटात सोडून देऊ शकतो. घट्ट ग्रेव्ही पनीरला आणि पोळीला चिकटून येते, वाटी पुसून खाल्ली जाते, आणि शेवटच्या घोटासाठी अर्धी पोळी जास्त घेतली जाते. ताईंच्या डब्यात कधीच काही उरत नसे.

घरी बघायचं असेल तर सोपं आहे, पण याने फक्त कळतं, मोजता येत नाही. चमचाभर ग्रेव्ही काचेच्या ग्लासात कडकडीत पाण्यात ढवळा आणि पंधरा-वीस मिनिटं न हलवता ठेवा. घट्टपणा पातळ झाला की बरेचसे थेंब सुटे होऊन वर येतात आणि चकत्या दिसतात. कांद्याच्या कणांतलं सगळं येत नाही, म्हणजे दिसतंय त्याहून जास्तच आहे असं समजा. फ्रिजमध्ये ठेवून वर थर गोठतो का बघायची युक्ती बटर, तूप, डालडा असेल तर चालते, सूर्यफूल किंवा सोयाबीनच्या रिफाइंड तेलाला नाही, ते फ्रिजमध्येही पातळच राहतं, त्यामुळे थर आला नाही म्हणून खूश होऊ नका. गार झाल्यावर ग्रेव्ही जेलीसारखी थरथरली तर कॉर्नफ्लॉवर भरपूर आहे. आणि काही जण आयोडीनचा थेंब टाकून बघतात, गार ग्रेव्हीत स्टार्च असेल तर निळा-काळा रंग येतो, पण तो बेसनानेही येतो, बटाट्याने येतो, काजूतही थोडा स्टार्च असतो, त्यामुळे नक्की काय घातलंय ते त्यावरून सांगता येत नाही. (टेस्ट केलेला चमचा टाकून द्यायचा, खायचा नाही, हे सांगावं लागतं.)

मग बदललं काय. माझं म्हणणं होतं की चव गेली तर ही बाई दोन आठवड्यांत परत जुन्यावर येईल, म्हणून तळलेला कांदा पूर्ण बंद करायचा नाही. त्या कांद्याला जो वास असतो तो नुसत्या परतलेल्या कांद्याला येत नाही, हे मी पण मान्य करते. म्हणून अर्ध्या किलोपैकी 100 ग्रॅम कांदाच तळायचा, बाकीचा 400 ग्रॅम जाड बुडाच्या भांड्यात एक टेबलस्पून तेल आणि मीठ घालून झाकण ठेवून आधी मऊ करायचा, मग झाकण काढून परतायचा, तळाला लागला की पाण्याचा हबका मारून खरवडायचा, असं करत करत तपकिरी करायचा. वेळ लागतो, अर्धा तास सहज जातो, आणि घाई करून आच वाढवली की करपून कडू होतो. पण 65 ग्रॅमऐवजी 27 ग्रॅम तेलात काम झालं, 14 परतायला आणि 13 तळलेल्यात. बेसन कोरडंच मंद आचेवर भाजायचं, खमंग वास आला की लगेच उतरवायचं. बेसनाच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते त्यांनी दह्यात फेटून घातलं, त्याने दहीही फुटलं नाही.

परतलेल्या कांद्यात पाणी जास्त राहतं, त्यामुळे पहिल्यांदा ग्रेव्ही त्यांना सैल वाटली. त्यावर मी कॉर्नफ्लॉवर एक टीस्पून वाढवायला सांगितलं तेव्हा त्या दचकल्याच, कारण त्यांच्या मनात तोच खलनायक होता. दहा-बारा कॅलरी, चार डब्यांत. तेल 38 ग्रॅम कमी झालं कांद्यातून आणि 14 बेसनातून, म्हणजे 468 कॅलरी वाचल्या. डबा आला 400 वर. रंग थोडा फिका, चव घरच्यांना जवळपास तीच. पनीर तेवढंच.

ॲपमध्ये त्यांनी आता "तळलेला कांदा" अशी वेगळी एंट्री स्वतः बनवून ठेवलीय, 100 ग्रॅमला 560, आणि ग्रेव्ही संपूर्ण बॅच म्हणून टाकतात, नंतर डब्याचं वजन बघून भाग काढतात. विकतचा तयार तळलेला कांदा वापरत असाल तर पाकिटावर 100 ग्रॅमचा आकडा छापलेला असतो तोच घ्या, आणि घटक वाचा, बऱ्याचदा त्यात पाम तेल आणि वर कुरकुरीतपणाला पीठही असतं.

आता वजनाचं. दर आठवड्याला चार डबे, म्हणजे 860 कॅलरी लिहिल्याशिवाय जात होत्या. 2100 च्या डेफिसिटमधून त्या गेल्या तर उरतात 1240. एक किलो चरबीला 7700 धरतात, त्या हिशोबाने आठवड्याला 270 ग्रॅमऐवजी 160 ग्रॅम. अंगातलं पाणीच इकडेतिकडे किलोभर हलतं, त्यात हा शंभर ग्रॅमचा फरक काट्यावर कित्येक आठवडे दिसत नाही, म्हणूनच त्यांना नुसतं "काहीतरी अडलंय" असं वाटत होतं. अर्ध्याने उतरण्याचं पूर्ण कारण ग्रेव्हीच होती असं मी म्हणणार नाही, थोडा वाटा वीकेंडच्या बाहेरच्या जेवणाचा होताच. तिथे तर काटा नेता येत नाही, आणि तिथली ब्राऊन ग्रेव्ही म्हणजे याच वाटणाचा मोठा टोप असतो. त्यासाठी आम्ही एवढंच ठरवलं की कांद्याच्या तपकिरी, दाट, तवंग नसलेल्या ग्रेव्हीच्या प्रत्येक वाटीला नोंदीत तीन टीस्पून तेल जास्तीचं धरायचं, म्हणजे 120 कॅलरी, पनीरचे किंवा चिकनचे तुकडे आधी काढून घ्यायचे, आणि वाटीत ग्रेव्ही उरली तर उरू द्यायची.